चूलबंद आमंत्रण आणि आमची आत्या

कुसुमआत्या कुणाच्याही घरी गेली की ओटीवर बसायचीच नाही. चपला काढायच्या आणि सरळ स्वयंपाकघर गाठायचं. "बाहेर पुरुष नुसते बोलतात गो, घर कळतं ते आत," असं तिचं म्हणणं. बाबांना या सवयीचा भयंकर राग. सख्खी मोठी बहीण, त्यामुळे बोलायची मात्र सोय नव्हती.

माझं लग्न ठरलं तेव्हा बैठकीत सगळं कसं गोड गोड झालं. मुलगा, नीलेश, देवरूखजवळच्या एका वाडीतला. हुंडा नाही. रत्नागिरीतला हॉल, जेवण, सजावट, भटजी, फोटो, सगळा खर्च निम्मा निम्मा. दागिने आणि कपडे ज्याचे त्याने करायचे. बाबा शाळेत क्लार्क. लग्नासाठी ठेवलेले पैसे खर्च करायचे, कर्ज काढायचं नाही आणि धाकट्याच्या कॉलेजच्या फीला हात लावायचा नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. सासरे, म्हणजे तात्या, एवढंच म्हणाले, "आमची वाडी चाळीस घरांची. चूलबंद बोलवावी लागेल." बाबांनी मान डोलावली आणि यादीत लिहिलं, चाळीस ताटं!

बाबांचा जन्म रत्नागिरी शहरातला. चूलबंद म्हणजे घरातलं लेकरू-म्हातारं सगळं जेवायला, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यात मे महिना, मुंबईची माणसंही वाडीत आलेली. केटररने शेवटचा आकडा मागितला तेव्हा तात्यांनी शांतपणे वाडीची दोनशे माणसं सांगितली. ताटामागे चारशे रुपये. बाबांच्या वाट्याला तीस हजारांच्या वर भर पडली, आणि ते पैसे फीमधूनच काढावे लागणार होते.

मग फोनवर जुंपली. "तुमच्या वाडीला मी का जेवू घालू?" बाबा ओरडले. "बैठकीत मान डोलावलीत ती कशाला?" तात्या तिकडून. त्यातून मानपान निघालं, साड्या निघाल्या, बसचं भाडं निघालं. शेवटी बाबा म्हणाले, "राहू दे मग लग्न!" आणि फोन ठेवला. नीलेशचे फोन मी घेईना. घेऊन बोलू काय, कपाळ? मी आत जाऊन ढसाढसा रडले.

आत्याने सगळं ऐकून घेतलं. "मेल्या सुरेश, तुला शब्द कळला नाही तर विचारायचंस! आणि काय गो, रडतेस काय? ऊठ, तोंड धू." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती आईला घेऊन देवरूखला गेली. तात्या ओटीवर बसलेले. ही त्यांना नमस्कार करून थेट चुलीपाशी.

सासूबाई नारळ खवत होत्या. आत्याने त्यांच्या हातातली वाटी घेतली आणि स्वतः खवायला बसली. खवता खवता खरी गोष्ट बाहेर आली. वाडीतल्या प्रत्येक घरचं चूलबंद जेवण तात्या इतकी वर्षं जेवले होते. आता पहिल्याच मुलाच्या लग्नात घरटी एकच माणूस बोलावलं तर ते तोंड कुठे दाखवणार? आणि हॉलचे दर बघून तात्यांचीही झोप उडाली होती, फक्त बोलायचं कुणी!

"तात्या, तुमचं काही चुकत नाही," आत्या बाहेर येऊन म्हणाली, "पण वाडीला रत्नागिरीत कशाला नेता? लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे पूजा आहेच. चूलबंद त्या दिवशी करा. भात, आमटी, काळ्या वाटाण्याची उसळ, जिलबी. रांधणार वाडीच, खर्च तुमचा. हॉलवर घरटी एक. आणि पूजेच्या पंगतीत वाढायला आम्ही मुलीकडचे येतो."

व्याही वाढणार म्हटल्यावर तात्यांचा चेहरा खुलला. तेवढ्यात आत्याने पुढचं काढलं, "दोन्हीकडच्या मानाच्या साड्या बंद. माझ्यापासून सुरुवात करा." आई सांगते, एवढं म्हणून ती लगेच पुन्हा आत खवायला गेली. हिरव्या पैठणीचं तिने वर्षभर मनात धरलं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

पूजेच्या दिवशी बाबा कमरेला पंचा गुंडाळून उसळ वाढत होते. "अहो व्याही, आणखी येऊ द्या!" म्हणून वाडीतले म्हातारे त्यांना पळवत होते, आणि बाबा घामाघूम होऊन हसत होते. फीचे पैसे जागच्या जागी राहिले.

गेल्या वर्षी आत्या गेली. तात्या रत्नागिरीला आले, माझ्याजवळ बसले आणि डोळे पुसत हळूच म्हणाले, "तुझ्या बाबांना सांगू नकोस हो, पण त्या भांडणात ती माझ्या बाजूने होती."

मी मान डोलावली. बाबांनीही मला सकाळी अगदी हेच सांगितलं होतं, आणि तात्यांना सांगू नकोस म्हणून बजावलंही होतं.