‘पण’ खोडलेला कागद

आमच्या शेती कार्यालयात इंग्रजी लेख वाचायची वेळ आली की साहेब तो माझ्याकडे ढकलतात. तंजावरची मराठी बाई, घरी मराठी, बाहेर तमिळ, कॉलेजात इंग्रजी, म्हणजे हिला सगळंच येतं असा त्यांचा समज. मीही तो मोडत नाही.

त्या वेळचा लेख भातशेतीच्या पाण्यावर होता. भाताला सतत पाण्यात न ठेवता आळीपाळीनं सुकवायचं आणि भिजवायचं. आमच्याकडे त्याला ‘काय्च्चलुम् पाय्च्चलुम्’ म्हणतात. देशोदेशींच्या असंख्य प्रयोगांचे निकाल लेखकांनी शेजारी शेजारी मांडले होते. त्याचं एक पान तमिळमध्ये करायचं होतं, पापनाशमच्या शेतकरी बैठकीसाठी.

पाणी वाचतं, यावर बहुतेक सगळ्या प्रयोगांचं एकमत होतं. उत्पन्नावर मात्र जुंपली होती. कुठे घट नाही, कुठे चांगलीच घट. लेखकांनी त्याची कारणंही शोधली होती. शेतात रोवलेल्या भोकाच्या पाईपात पाणी जमिनीखाली सहा इंच उतरलं की पुन्हा भिजवणारे सुखरूप. भेगा पडेपर्यंत थांबणारे, किंवा फुलोऱ्यात सुकवणारे बुडाले. क्षारट जमिनीत घट जास्त. पण तसल्या जमिनीवरचे प्रयोग थोडे, म्हणून तिथे ठाम बोलता येत नाही, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं.

मी हे सगळं पानात बसवलं. साहेबांनी लेखाच्या सुरुवातीचा सारांश तेवढा वाचला, त्यातली सरासरी उचलली आणि माझ्या पानावर लाल पेन चालवलं. उरलं ते एवढंच : ‘पाणी वाचतं. उत्पन्नात फारसा फरक नाही.’

“अहो सर, ज्यांचं काहीच गेलं नाही आणि ज्यांचं बरंच गेलं, त्यांची ही सरासरी आहे. तसं शेत कुणाचंच नसतं.”

“शेतकऱ्याला ‘पण’ दिला की तो घरी जाऊन झोपतो,” साहेब म्हणाले.

माझा संताप झाला, आणि त्याला कारण होतं. साहेबांचं बोलणं ऐकून पापनाशमला प्रात्यक्षिकासाठी आपलं सगळं शेत देऊन बसलेला माणूस माझा सख्खा मामा होता. बँकेतून निवृत्त होऊन शेतीला लागलेला. गाव त्याला ‘मॅनेजर’ म्हणून चिडवायचं, आणि यंदा गावाला दाखवून देतो म्हणून तो हट्टाला पेटला होता. त्याचा अर्धा तुकडा काळ्या चिकणमातीचा. उरलेला कालव्याच्या टोकाचा, उन्हाळ्यात वर क्षारांची पांढरी साय धरणारा.

रविवारी मी बस धरली. मामी डोसे घालत होती. मी मामाला सगळं सांगितलं.

“म्हणजे पांढरा तुकडा जाणार?”

“तसं लेख म्हणत नाही मामा. तसल्या जमिनीत घट जास्त दिसली, एवढंच म्हणतो. आपल्या भागातला प्रयोग त्यात एकही नाही.”

“एक सांग गे! कर नाहीतर नको.”

“काळ्यात करा, बेतानं. पांढऱ्याचं मला माहीत नाही.”

“एवढं शिकून माहीत नाही?” असं म्हणून मामा उठला तो डोसा अर्धा टाकूनच. मला फार वाईट वाटलं.

बैठकीत साहेबांनी आपली दोन वाक्यं वाचली. मामा उभा राहिला. काळा तुकडा देतो, पांढरा देत नाही, म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, “मॅनेजर घाबरला!” हशा पिकला. मामाचे कान लाल झाले, तरी तो बसला नाही. “पांढऱ्या जमिनीचं काय होतं ते त्या कागदात नाही. भाचीला विचारा.” मग ज्याला त्याला आपली पांढरी जमीन आठवायला लागली. साहेबांनी माझ्याकडे न बघता म्हटलं, “तो खोडलेला भाग वाचा.” मी वाचला.

त्या हंगामात काळा तुकडा नेहमीसारखा पिकला, पंप कमी चालला. पांढरा, भरपूर पाण्यात, तोही नेहमीसारखा.

“मग तुझं खरं होतं का, नव्हतं?” मामानं विचारलं.

“कसं कळणार? आपण करून पाहिलंच नाही.”

या हंगामात गेले तर पांढऱ्या तुकड्याच्या एका कोपऱ्याला त्यानं वेगळा बांध घातलेला, मधोमध पाईप रोवलेला. आतली रोपं शेजारच्यांपेक्षा पिवळी दिसत होती.

“मामा, एका कोपऱ्याला कुणी प्रयोग म्हणत नाही. कुठल्या लेखात येणार नाही हा.”

“नको येऊ दे,” तो पाईपात काठी घालून पाणी मापत म्हणाला. “पुढच्या बैठकीत तुला ‘माहीत नाही’ म्हणताना पाठीशी कुणीतरी असावं.”