कपाटावरचं ऊन

माझ्या सासूबाईंना राग आला की त्या आधी पांघरूण फेकायच्या. कंबर मोडून पलंगाला खिळल्यावर हाताशी फेकण्यासारखं तेवढंच उरलं होतं. त्याआधी तीस वर्षं त्यांनी इस्त्रीचं दुकान चालवलं. कोळशाची जड इस्त्री, दिवसभर उभं राहणं आणि गिऱ्हाइकाने घडी मोडून पाहिली की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. जन्मभर निखाऱ्यांजवळ उभी राहिलेली बाई, तिला थंडी कशी सोसावी? हाडं ठणकायची.

माझे धाकटे दीर गवंडी. हात सोन्याचा, डोकं मात्र विटेसारखं. भाऊजींनी ठरवलं, आईच्या पलंगावर सकाळचं ऊन यायलाच हवं. पूर्वेच्या भिंतीत खिडकी पाडायची आणि उरलेल्या जागेत आईला विटांचं कपाट बांधून द्यायचं. तेव्हा दिवस सगळ्यात मोठे होते, पाऊस लांबलेला. रोज पहाटे भाऊजी त्या भिंतीबाहेर उभे. समोरच्या पाण्याच्या टाकीच्या डावीकडून, पार लांबून सूर्य वर यायचा. आठवडाभर पाहिलं, जागचा हलला नाही. भाऊजी खूश. "पक्का माणूस आहे, शब्दाला जागतो," म्हणाले. त्या हिशोबाने खिडकी पाडली, उजव्या भिंतीला पलंग ठेवला. डावीकडे जमिनीपासून छतापर्यंत कपाट बांधलं आणि मधे दाराची वाट सोडली.

ऊन आलं, बरोबर पलंगावर आलं. आणि सासूबाई ओरडल्या, "अरे, भाजतेय मी! पडदा लाव!" उन्हाळाच होता तो.

मग सूर्य चळला. आधी कळलंसुद्धा नाही, पुढे मात्र रोज उजवीकडे, उजवीकडे. दिवसरात्र सारखी झाली तेव्हा तर पळतच सुटला. टाकीच्या मागे उगवला, मग टाकीही ओलांडली. तो उजवीकडे गेला तसं खोलीतलं ऊन डावीकडे सरकलं. पलंगावरून उतरलं, दाराच्या वाटेवर बसलं आणि ऐन थंडीत जाऊन कपाटावर चढलं.

पांघरूण उडालं.

"कपाटाच्या कमरेत दुखतंय का रे? त्याला शेक दिलास?"

"आई, सूर्य सरकला त्याला मी काय करू?"

"सूर्य माझ्या जन्माच्या आधीपासून सरकतोय! खिडकी पाडताना हिवाळा असतो हे विसरलास?"

"आठवडाभर पाहिलं होतं मी. जागेवर होता."

"टोकाला जाऊन थबकला होता तो, परत फिरायला. आणि तुला वाटलं, तिथेच बिऱ्हाड केलं!"

भाऊजींना चूक कबूल करायची नव्हती. ते कपाट त्यांनी जीव ओतून बांधलं होतं, कोपरे असे की नख लावून पाहावेत. सगळ्यात लहान दिवस उलटला तसे येऊन म्हणाले, "आई, आजपासून उत्तरायण. सूर्य आता परत डावीकडे निघाला. ऊन येतंच आहे तुझ्याकडे."

सासूबाई तरीही रोज वाट बघायच्या. ऊन कपाटाच्या त्याच विटेवर. सगळा आठवडा गेला, वीट सोडेना. ह्याही टोकाला तो तसाच रेंगाळतो, हे त्यांना समोर दिसत होतं. एका सकाळी त्यांची बोटं निळी पडलेली पाहून माझंच डोकं फिरलं.

"भाऊजी, पलंगापर्यंत कधी पोचणार ते ऊन?"

"येईल की... उन्हाळ्यापर्यंत."

"म्हणजे परत भाजायला!" पलंगावरून आवाज आला. "सूनबाई, हातोडा आण."

मी आणला. पलंग जाईल तर कपाटाच्याच जागी, तिसरी जागा त्या खोलीत नव्हती. आतले कपडे बाहेर फेकले आणि घातला घाव. भाऊजी ओरडले, "वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला!" मी दुसरा घातला. त्याने वीट दुभंगली नाही, माझं मनगट मात्र दुखावलं.

भाऊजींनी माझ्या हातातून हातोडा हिसकावला. मला वाटलं, आता खिडकीतून भिरकावतात. पण कपाळावर आठ्या घालून त्यांनी छिन्नी घेतली आणि वरच्या थरापासून सुरुवात केली. "असं तोडतात का? भिंतीला तडा गेला असता," असं पुटपुटत एकेक वीट सोडवत राहिले. तोंड असं, जणू आम्ही दोघींनी त्यांचं पोरच मारलं होतं. सासूबाई पलंगावरून देखरेख करत होत्या. "हळू. धूळ उडतेय."

दुसऱ्या सकाळी पलंग डाव्या भिंतीला होता. सूर्य टाकीच्या उजवीकडून आला आणि ऊन सासूबाईंच्या पोटऱ्यांवर पडलं. भाऊजी दारात हाताची घडी घालून उभे.

"आलं ना? आता तरी खूश?"

"गुडघ्याच्या वर नाही आलं," सासूबाई म्हणाल्या. "पलंग जरा पायांकडे ओढ. आणि उन्हाळ्यात परत तिकडे न्यायचा नाही, सांगून ठेवते."

भाऊजींनी दात-ओठ खात पलंग ओढला. पांघरूण सासूबाईंनी स्वतःच पायाशी सारून ठेवलं होतं, फेकलं नव्हतं.