काउंटरवरच्या मुलीला दिलेला एक स्टार

माझा राग नाकावर असतो, हे घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कॉलेजात तर शिपायापासून प्राचार्यांपर्यंत. त्याबद्दल मला कधी वाईट वाटलं नव्हतं. उलट, चिडणाऱ्या माणसाची कामं होतात असाच माझा अनुभव. या वर्षी मात्र माझ्या रागाने एका मुलीचं नुकसान केलं, आणि तेही मी जो धडा शिकवते नेमक्या त्याच धड्यात.

पनवेलमधल्या एका कॉलेजात संध्याकाळच्या बॅचला मी सेवांचं मार्केटिंग शिकवते. या बॅचची मुलं म्हणजे दिवसभर नोकरी करून आलेली. कुणी मॉलमध्ये, कुणी हॉटेलच्या रिसेप्शनवर, कुणी कुरिअरच्या ऑफिसात. जांभया देतात, पण येतात. इंटर्नल मार्केटिंगला माझ्याकडे एकच तास असतो, आणि दरवर्षी मी फळ्यावर तोच त्रिकोण काढते.

वर कंपनी, खाली एका कोपऱ्यात कर्मचारी, दुसऱ्यात ग्राहक. कंपनी जाहिरातीतून ग्राहकाला शब्द देते, ही एक बाजू. कर्मचारी ग्राहकासमोर उभा राहून तो शब्द पाळतो, ही दुसरी. आणि तिसरी बाजू कंपनी आणि कर्मचारी यांच्यातली. शब्द पाळता यावा म्हणून कंपनीने त्याला आधी सगळं सांगायचं, शिकवायचं, पुरेशी माणसं आणि सामान द्यायचं, थोडेफार निर्णय त्याचे त्याला घेऊ द्यायचे. नोकरी हाच त्याला विकायचा माल. त्याला काय हवंय, कुठे अडतंय, हे गिऱ्हाइकाला विचारतो तसं विचारायचं. कारण बाहेरच्या ग्राहकाआधीचा पहिला ग्राहक तोच. सेवा काही डब्यात भरून मिळत नाही, देणाऱ्याच्या हातूनच मिळते. त्यालाच पटलं नसेल तर समोरच्याला काय डोंबल पटणार?

हे मी फार जोरात सांगते. त्या दिवशी दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. ही विचुंब्याहून येते, पंचविशीची असेल, एका लॅबमध्ये काउंटरवर काम करते. रक्त-लघवी तपासतात ती लॅब. "मॅडम, आमच्या इथे ना..." तिने सुरुवात केली.

"प्रश्न शेवटी," मी म्हटलं. शेवटी वेळच उरला नाही.

त्यानंतरच्या शनिवारी सासूबाईंची उपाशीपोटी साखर तपासायची होती. उड्डाणपुलाखाली भलामोठा फलक लागला होता, 'पंधरा मिनिटांत रक्त घेऊ, नाहीतर तपासणी मोफत'. लॅब त्या मुलीचीच. म्हटलं, बरं झालं, ओळखीचं माणूस आहे. सकाळी साडेसातला गेलो तर आत बाजार भरलेला. सगळे उपाशी, सगळे वैतागलेले, एका आजोबांच्या हातात तर बिस्किटाचा पुडा तयार. आठ वाजले. सव्वाआठ वाजले. सासूबाई म्हणाल्या, "मला गरगरतंय गं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काउंटरवर तीच. मला बघून हसली. मी फलकाचं बोलले तशी तिचा चेहरा उतरला. "मॅडम, त्या ऑफरचं आम्हाला आधी काहीच सांगितलं नव्हतं. काल पेशंटच मोबाईलवर फोटो दाखवायला लागले तेव्हा नक्की कळलं. मला बिल माफ करता येत नाही. तुम्ही जरा ऐकून..."

"ते मला नको सांगूस. फलक तुमचाच आहे ना?"

मागे रांग ऐकत होती. रांगेला चेव आला. "बरोबर बोलतायत बाई!" आणि प्रेक्षक मिळाल्यावर मास्तर माणूस थांबतो होय? मी आवाज चढवून म्हटलं की बोलायचं एक आणि करायचं एक असल्या ठिकाणी पुन्हा पाऊल ठेवणार नाही. ती घाबरली की तिची घरची बोली बाहेर येते, हे मला तेव्हा कळलं. "मॅडम, रक्त घ्यायला आता दोघीच हायेत इथं... मी काय करू?" तिने पुढच्या पेशंटला विनवून सासूबाईंना आधी आत पाठवलं. तेही मी हक्काचं असल्यासारखं घेतलं.

घरी येईस्तोवर फोनवर अभिप्रायाचा फॉर्म आलेला. काउंटरवरील कर्मचाऱ्याचं वागणं कसं होतं? एक ते पाच स्टार. रक्त घेणाऱ्याचं वागणं? स्वच्छता? संपला फॉर्म. फलक लावणाऱ्याचं वागणं कसं होतं, असा प्रश्न कुठे नव्हता. मला राग काढायचा होता आणि जागा एकच होती. मी काउंटरला एक स्टार दिला आणि निवांत चहा प्यायला बसले.

पुढच्या दोन तासांना ती वर्गात आली नाही. तिसऱ्या वेळी आली, तास संपल्यावर टेबलाशी थांबली.

"मॅडम, प्रोजेक्टचा विषय बदलला तर चालेल का? लॅबवर करणार होते, पण आता तिकडे कागद मागायला नको वाटतं."

"का गं?"

तिची सहा महिन्यांची कच्ची नोकरी होती. महिनाअखेरीला कायम करणार होते. त्या आठवड्यात कुणीतरी एक स्टार दिला, म्हणून तीन महिने लांबवलं. तीन महिन्यांत अजून एक असा आला तर घरी बसायचं. घरी हिच्याच कायम होण्यावर भावाच्या शिक्षणाचं ठरायचं होतं. हे सगळं ती खाली बघत सांगत होती. मग म्हणाली, "फॉर्मवर नाव येत नाही मॅडम, फक्त वेळ येते. शनिवार, आठ पन्नास."

मला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं. तिला माहीत होतं. नक्कीच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी लॅबच्या मॅनेजरपुढे जाऊन बसले. तिशीचा असेल, अतिशय गोड बोलणारा. असली माणसं मला जास्त चीड आणतात. मी सांगितलं, तो स्टार माझा, तो मुलीला नव्हता, तुमच्या फलकाला होता, काढून टाका.

"मॅडम, सिस्टीममधून निघत नाही. आणि ग्राहकाचा शब्द आमच्यासाठी शेवटचा."

"मग हाही ग्राहकाचाच शब्द आहे ना!"

तो हसला. "तुम्ही मार्केटिंग शिकवता ना? आमच्या स्टाफला एकदा ट्रेनिंग द्या. कसं हसायचं, कसं बोलायचं."

मी कपाळावर हात मारला. "अहो, ती हसते! तिला हसायला शिकवायची गरज नाही. ऑफर आहे हे तिला कधी सांगितलंत?"

"ग्रुपवर टाकलं होतं. शुक्रवारी."

"फलक कधी लागला?"

"गुरुवारी." मग घाईने म्हणाला, "पण स्टाफकडे आमचं पूर्ण लक्ष असतं मॅडम. सगळ्यांना टी-शर्ट दिलेत. वाढदिवसाला केक कापतो. पहिला ग्राहक म्हणजे आपला कर्मचारी, हे तर तिथे भिंतीवरच लावलंय."

खरंच होतं. फ्रेम करून, वॉटर कूलरच्या वर.

त्या फ्रेमखाली बसून मी त्याला माझा चाळीस मिनिटांचा तास दहा मिनिटांत ऐकवला. टी-शर्ट म्हणजे इंटर्नल मार्केटिंग नव्हे रे बाबा. ज्याने शब्द पाळायचा त्याला विचारून शब्द द्यायचा. पंधरा मिनिटांत होतं का, किती माणसं लागतील, उशीर झाला तर बिल माफ करायचा अधिकार काउंटरला आहे का? यातलं एक तरी विचारलंत? तो मान हलवत होता. शेवटी मी म्हटलं, "मला नका सांगू. तिला बोलवा."

ती आली, दारातच उभी राहिली. मॅनेजरने विचारलं, ऑफर जमवायची तर काय करावं लागेल? ती आधी माझ्याकडे बघायला लागली. मग भीत भीत बोलली आणि बोलता बोलता सुटलीच. गर्दी साडेसात ते नऊ, कारण उपाशीपोटीच्या तपासण्या. नेमकं तेव्हाच रक्त घेणाऱ्या तिघींमधली एक लोकांच्या घरी जाऊन रक्त घेत असते, साडेआठला परतते. तिला नऊनंतर पाठवा, घरून रक्त देणाऱ्यांत उपाशीपोटीवाले थोडे असतात, तेवढे सहाला उरकता येतील. आदल्या दिवशी फोनवर नावं घ्या. नऊच्या आधी अर्ध्या तासाचा शब्द द्या, पंधरा मिनिटांचा नऊनंतर. आणि उशीर झालाच तर बिल माफ करायचं बटण आमच्याकडे द्या, प्रत्येक वेळी तुम्हाला फोन लावताना पेशंट आमच्या अंगावर येतात.

मॅनेजर भराभर लिहून घेत होता. "एवढं माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"कोनी इचारलंच नाय, सर."

त्याने तिची कल्पना तिथल्या तिथे मान्य केली. कायम करण्याचं विचारलं तर मात्र म्हणाला, तीन महिने मुख्य ऑफिसने लांबवलेत, त्यात तो काही करू शकत नाही. म्हणजे कल्पना आजपासून, नोकरी तीन महिन्यांनी. मी भांडले, त्याच्याकडून मुख्य ऑफिसचा पत्ता घेतला, दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

मॅनेजरला भेटले त्या दिवशी ती मला दारापर्यंत सोडायला आली. मला माफी मागायची होती आणि ती सवय नसल्याने मी मॅनेजरवरच घसरले. "बघ ना, इतके महिने तू इथे आहेस, या माणसाला एकदा विचारावंसं वाटलं नाही!"

उद्धटपणा नव्हता तिच्या आवाजात, हेच जास्त लागलं.

"मॅडम, तुम्हीपण नाही विचारलंत. वर्गात हात वर केला होता मी. हेच सांगणार होते, ऑफर येतेय असं कानावर आलंय, आम्हाला कुणी काही सांगत नाही, काय करायचं."

मी पर्स उघडून उगाच चाव्या शोधायला लागले. ती म्हणाली, "आजींना पुढच्या वेळी सातला आणा. नाव मी लिहून ठेवते." आणि काउंटरवर गेली, कारण रांग लागली होती.

फलक बदललाय. नऊच्या आधी अर्धा तास, नंतर पंधरा मिनिटं, आणि तो शब्द पाळलाही जातो. मी दर वेळी फॉर्म भरते, पाच स्टार देते, पण जुना एक पुसला जात नाही. तिचे तीन महिने संपायला अजून सहा आठवडे आहेत.