मामांचा लाल गोल

घरच्या ग्रुपवर कुणाला जरा जरी संशयास्पद मेल आली, की तिचा स्क्रीनशॉट मामांकडे जायचा. मामा एका कंपनीच्या ऑफिसात मेलची व्यवस्था बघत. एकदा भाऊजी वीजबिलाच्या खोट्या मेलवर बोट दाबणार, तेवढ्यात मामांनी त्यांचा हात अडवला होता. तेव्हापासून मामांची मान ताठ आणि भाऊजींची कायमची खाली. मामा हेडर उघडायला लावत, म्हणजे मेलच्या पाकिटावरचे सगळे शिक्के. त्यात 'फेल' दिसलं की भोवती लाल गोल काढून ग्रुपवर टाकत. पोरं मागून त्यांना 'शिक्कामामा' म्हणत. मामांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

त्या सकाळी भाचीने स्क्रीनशॉट पाठवला. तिला नोकरीची मेल आली होती. होकार आणि कागदपत्रं त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. पण तिच्या वडिलांनी, म्हणजे भाऊजींनी, फर्मान काढलं होतं : मामाने मान हलवल्याशिवाय एकही कागद घराबाहेर जाणार नाही.

मामांनी चहाचा घोट घेत स्क्रीनशॉट बघितला. 'एसपीएफ' नावाच्या शिक्क्यापुढे 'फेल'. लगेच लाल गोल. खाली लिहिलं : 'एवढी मोठी कंपनी बाईसाहेबांचीच वाट बघत बसली होती होय?'

ग्रुपवर हसण्याचा पूर आला. काकूने तर टाळ्यांची रांगच लावली.

भाचीने फोन केला. "मामा, पण खाली डीकेआयएमच्या सहीपुढे पास लिहिलंय ना?"

"भामट्यांनाही सही करता येते, बाळ."

"पण सहीच्या पुढे कंपनीचंच नाव आहे. आणि मेल माझ्या कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर आली, तिथून आपोआप इकडे येते. त्याने काही फरक..."

"मेल मी बघतो की तू?" मामा हसले. "आधी मुलाखतीत बोलायला शिक, मग मला शिकव."

मामांनी फोन ठेवला तेव्हा त्यांना झकास वाटत होतं.

जेवणानंतर हिशेबखात्यातले साहेब कुरकुरत आले. त्यांची एक मेल दुसऱ्या पत्त्यावरून वळवून येत होती आणि थेट कचऱ्यात पडत होती.

"फेल दाखवतंय. खोटी असणार," साहेब म्हणाले.

मामा खुर्चीत रेलले. असे प्रश्न त्यांना पेढ्यासारखे गोड लागत. "अहो साहेब, एसपीएफ एवढंच विचारतं, की ज्या सर्व्हरने मेल आणून दिली तो पाठवणाऱ्याच्या यादीत आहे का. मधल्याने मेल पुढे ढकलली, की दारात उभा असतो मधला. तो यादीत कुठला असायला? म्हणून फेल. सही बघा, सही. डीकेआयएमची सही मेलच्या अंगावर असते. वाटेत मजकूर बदलला नाही तर ती टिकते. ती पास आहे आणि तिच्यापुढचं डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातलं कंपनीचं नाव, पाठवणाऱ्याचंच आहे, तर मेल..."

मामा तिथेच थांबले.

"तर काय?"

"तर खरी," मामा पुटपुटले.

साहेब गेल्यावर त्यांनी भाचीचा स्क्रीनशॉट बोटांनी ताणून मोठा केला. एसपीएफच्या ओळीत कॉलेजचा सर्व्हर. डीकेआयएमच्या ओळीत पास, आणि पुढे कंपनीचं डोमेन, एका अक्षराचाही फरक नाही. पोरगी सकाळी हेच सांगत होती.

संध्याकाळ व्हायला अजून वेळ होता. एक फोन केला असता तर काम झालं असतं. मामांनी फोन हातात घेतलाही. मग ग्रुप उघडला. त्या लाल गोलाखाली अंगठे अजून येतच होते. भाऊजींनी लिहिलं होतं, 'मामा आहेत म्हणून वाचलो.' भाऊजी हे लिहितात म्हणजे काय, हे मामांनाच ठाऊक. ते पुसायचं? त्या पोरीसमोर?

'स्क्रीनशॉटच तो,' मामांनी स्वतःला समजावलं. 'कुणीही रंगवू शकतो. मूळ मेल कुठे बघितलीय मी?' मूळ मेल मागवायलाही एकच फोन लागला असता. त्यांनी फोन उलटा ठेवला आणि दुसऱ्या कुणाचातरी पासवर्ड बदलून द्यायला घेतला. ऑफिस सुटलं तेव्हा बाहेर अंधार पडला होता.

दुसऱ्या दिवशी भाचीने बापाला न विचारता कंपनीला स्वतःच्या नव्या पत्त्यावरून लिहिलं. उत्तर दुपारीच आलं. तिने ते ग्रुपवर टाकलं नाही. एकट्या मामांना पाठवलं, हेडर उघडून, पूर्ण स्क्रीनशॉट. आता मधे कॉलेज नव्हतं. एसपीएफ पास, डीकेआयएम पास, दोन्हीकडे तेच कंपनीचं डोमेन. वर मजकूर : मुदतीत होकार न आल्यामुळे जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे.

खाली भाचीने लिहिलं होतं, 'मामा, ही खरी आहे का?'

मामांनी सवयीने रंगाचं बटण दाबलं. पण गोल काढायला 'फेल' कुठेच नव्हतं. शेवटी त्यांनी टाइप केलं, 'हो. ही खरी आहे.'

त्यावर तिने अंगठा पाठवला.