लॉज बंद झाल्यावर लिहिलेली शिफारस

नदीकाठच्या गणेशगुडीचा, राफ्टिंगला येणाऱ्यांचा लॉज बंद झाला आणि मी, तिथली मॅनेजर, आणि रिसेप्शनवरची माझी सहकारी दोघी घरी बसलो. तिला गोव्यात नोकरी हवी होती. नोकरीच्या साइटवर मी तिच्याबद्दल लिहिलं: प्रामाणिक, मेहनती.

लगेच तिचा फोन. “अक्का, असं तर लॉजच्या कुत्र्याबद्दलबी लिवता येतंय की!”

मी पोस्ट बदलली, लॉजवरच्या एका दिवसाची गोष्ट लिहिली: धरणातून पाणी सुटणार नाही, म्हणजे राफ्टिंग नाही, हे कळताच तिने वाटेतल्या पाहुण्यांना फोन करून खरं सांगितलं आणि जंगलफेरी ठरवून दिली. एकानेही बुकिंग रद्द केलं नाही.

ते वाचून एका हॉटेलमालकाने मला त्या दिवसाबद्दल खोदून विचारलं आणि तिला घेतलं. तिने कळवलं तेव्हा मी अजून घरीच होते; मला आनंद झाला नाही, हेवाही वाटला नाही. ‘बरं झालं,’ म्हटलं आणि भात उतरवला.