मधेच थांबणारं घोरणं

तीसेक वर्षांपूर्वी विक्रोळीच्या चाळीत विमलाने फळीच्या भिंतीपलीकडून एक भांडण ऐकलं होतं. सकाळी सकाळी शेजारची शांताबाई नवऱ्यावर करवादली होती. "घोरायचं तर सरळ घोर ना! मधेच थांबतोस कशाला? थांबलास की माझा जीव टांगणीला."

"घोरलो तरी बोंब, नाही घोरलो तरी बोंब! मग मी झोपूच नको काय गो?" धाकू ओरडला.

अख्खी चाळ हसली. विमलाही हसली. पण तेव्हापासून कुणी घोरू लागलं की तिचा कान आपोआप त्या थांबण्याकडे जायचा.

आता साठी उलटलेली विमला शाळेच्या बसवर मावशी होती. बत्तीस पोरं चढवायची, उतरवायची, आणि मधल्या वेळात कुणी कुणाला चावत नाही ना, एवढं बघायचं. त्यात सात वर्षांचा सर्वेश एकटाच दहा पोरांच्या तोडीचा. शाळा सुटली की सीटवर उभा काय राहायचा, कुणाची बाटली काय पळवायचा! सकाळी मात्र हाच सर्वेश कन्नमवार नगर मागे पडायच्या आत तोंड उघडं टाकून झोपलेला असायचा. विमला त्याचं डोकं खांद्यावर घ्यायची. बसल्या बसल्या तो फारसा घोरत नसे.

एका सकाळी हायवेवर ट्रक आडवा झाला आणि बस अडकली. मागची लांब सीट रिकामी होती, म्हणून विमलाने त्याला तिथे आडवा केला. पोराने मान मागे टाकली आणि घोरायला लागला, अगदी म्हाताऱ्यासारखा. मग एकदम आवाज बंद. छाती आत ओढली जात होती, पण नाकाशी बोट धरलं तर वारा नाही. विमलाने मोजलं. नवापर्यंत गेली, तेवढ्यात पोराने दचकून श्वास ओढला, कूस बदलली आणि पुन्हा घोरू लागला. ट्रक हलेपर्यंत असं चार वेळा झालं.

"काशीराम, ह्याचं काहीतरी बिघडलंय रे," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"ताई, झोपलाय तोवर देवाचे आभार माना!"

दुपारी सोसायटीच्या गेटवर सर्वेशची आई ऋतिका हातात कागद घेऊन उभी होती. चेहरा उतरलेला. "मावशी, वर्गाच्या बाईंनी हा फॉर्म भरून दिलाय, डॉक्टरला दाखवा म्हणून. एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही, मुलांना मारतो. दिवाळीपर्यंत फरक पडला नाही तर दुसरी शाळा बघा म्हणाले."

"ह्यात झोपेचं काही विचारलंय?"

"झोप तर झकास आहे हो त्याची! नऊला पडला की घोरायला लागतो. आजोबांवर गेलाय."

विमलाने सकाळचं सगळं सांगितलं. ऋतिकाचा आवाज चढला. "मावशी, पोरगं आमच्या कुशीत झोपतं. तुम्ही बस सांभाळा ना."

विमलाने सर्वेशचं दप्तर तिच्या हातात दिलं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली, "माझं ऐकू नकोस. तो झोपला की मोबाईलवर शूटिंग कर आणि डॉक्टरला दाखव. मी चुकले तर खुशाल हस."

ऋतिका हसली नाही. तीन दिवसांनी तिने विमलाचा हात धरला. "मावशी, आम्ही रोज ऐकत होतो हो. गाढ झोप वाटायची. रात्री घामाने उशी भिजते, तेही उकाड्यावर ढकललं."

मुलांच्या डॉक्टरांनी शूटिंग पाहून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे एक रात्र पोराच्या अंगाला तारा लावून झोपेची तपासणी झाली. नाकामागची गाठ आणि घशातले टॉन्सिल इतके वाढलेले, की झोपल्यावर वाट बंद व्हायची आणि श्वासासाठी पोर रात्रभर अर्धवट जागं होत राहायचं.

"मोठं माणूस झोप झाली नाही की पेंगतं, लहान पोर उलट चेकाळतं, असं म्हणाले," ऋतिकाने सांगितलं. "सगळंच त्यामुळे असेल असं नाही, म्हणाले. ऑपरेशननंतर पुन्हा बघू."

शाळेनेही डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दिवाळीची मुदत मागे घेतली.

ऑपरेशन झालं. दोन आठवडे सर्वेश घरी, गार केलेल्या पेजेवर. परत आला तेव्हा विमला रोज त्याला चोरून न्याहाळायची. पहिले काही दिवस तसाच धुडगूस. ती मनातून खचलीच. मग हळूहळू सकाळी तो जागा राहू लागला. खिडकीतून ट्रक मोजायचा, दुपारी बाटली पळवायचा, पण मागितली की परत द्यायचा.

दोन महिन्यांनी गेटवर ऋतिका धावतच आली. "मावशी, पुन्हा तपासणी झाली, श्वास थांबत नाही! आणि बाईंनी फॉर्म नव्याने भरला. अख्खा धडा बसून लिहितो म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, आता चंचलपणावर औषध द्यायचा विषय नको. शाळा सोडायची नाही!"

"आणि घोरतो?"

"नाही हो. आता त्याचा बाबा सुबोधच तेवढा घोरतो."

"नवऱ्याचंही शूटिंग काढ मग," विमला म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावता लावता सर्वेशवर ओरडली, "ए, पायरीवरून उडी नाय मारायची!" त्याने मारलीच.

शेवटचं पोर उतरलं. काशीरामने इंजिन बंद केलं. विमला नेहमीसारखी मागच्या सीटपासून पुढे येत गेली, प्रत्येक सीटखाली वाकून, कुणी झोपून राहिलं नाही ना, बघत. एक डबा आणि एक मोजा सापडला. दोन्ही तिने पिशवीत टाकले आणि दार लावून घेतलं.