नववी बाई

भाकरीचा भाव एक असतो, असं पेडगावच्या कडूबाईचं म्हणणं. ते न पटणारी माणसं तिला जन्मभर भेटत आली आणि अशा प्रत्येक माणसाचा तिला मनापासून राग येत आला.

लग्न, जावळ, वास्तुशांत, कंदुरी, कुठंही शे-पाचशे पानं उठायची असली की कडूबाईच्या बाया बोलावतात. चुली आठ, बाया नऊ. ऊसतोडीला गावचं गाव रिकामं व्हायचं, तेव्हा मागं राहिलेल्या बायांना धरून तिनं हे काम उभं केलं. बारा वर्षं झाली. आता सून ऋतिका फोन सांभाळते, ऑर्डरी लिहिते, टेम्पो ठरवते. कडूबाई पीठ बघते. चिमूटभर जिभेवर ठेवलं की पिठाची विरी गेली की न्हाई हे तिला कळतं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच चिरते आणि तिनं तसं पीठ आजवर परातीत पडू दिलेलं नाही.

सेलूच्या भागवतरावांकडे नातवाची कंदुरी होती, नवसाच्या बोकडांचं गावजेवण. भागवतराव कापसाचे व्यापारी. बोकडं ठरली, मांडव ठरला आणि बाराशे भाकरींची ऑर्डर कडूबाईकडे आली. तिनं भाव सांगितला, भाकरीला सोळा रुपये. पीठ, सरपण, बाया, येणंजाणं सगळं त्यातच.

दुसऱ्या दिवशी फोनवर मेसेज आला. पीठ किती, सरपण किती, मजुरी किती, टेम्पो किती, तुमचा नफा किती, वेगवेगळं लिहून पाठवा.

ऋतिका शिकलेली पोर. तिनं बसल्या बसल्या यादी करून टाकली आणि सासूला वाचून दाखवली. "पाठवू का आत्या? हिशोब स्वच्छ हाय आपला."

"पाठवशील तर बोट मोडीन तुझं," कडूबाई म्हणाली.

सून हिरमुसली. पण कडूबाईच्या डोळ्यांपुढं दुसरीच यादी होती. तीन वर्षांपूर्वी एका साखरपुड्याच्या जेवणाला तिनं अशीच यादी दिली होती. मोठ्या विश्वासानं, कोऱ्या कागदावर. त्या घरच्या कर्त्यानं पेन काढलं आणि एका ओळीवर आडवी रेघ मारली. 'आठ चुलींना नऊ बाया कशाला? एक कमी कर.' नववी बाई बदलीची असते. एकेकीला मधून उठवायचं, पाणी पाजायचं, सावलीत बसवायचं आणि तिच्या चुलीवर आपण बसायचं, एवढंच तिचं काम. कागदावर ते काम दिसत नाही. कडूबाई त्या दिवशी गप्प बसली आणि आठच बाया घेऊन गेली. एकटीच्या दीडशेच्या पुढं भाकरी गेल्यावर बायनाबाईला धगीनं चक्कर आली. तोल जाऊन तिचा उजवा हात तव्यावर टेकला. आजही तिची दोन बोटं सरळ होत नाहीत. यादी मागणाऱ्याचा कडूबाईला राग होताच. त्याहून जास्त राग होता तो ती यादी देणाऱ्या बाईचा, म्हणजे स्वतःचा.

उत्तर गेलं नाही म्हणून तिसऱ्या दिवशी भागवतराव स्वतःच आले. अंगणात चूल पेटली होती. कडूबाईनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"कडूबाई, यादी दिली न्हाईस," ते म्हणाले. "मी काय बुडवतोय का तुला? नुसतं कळायला पायजे, सोळा रुपये कशाचे ते."

"यादी मिळणार न्हाई, मालक. सोळा कशाचे ते सांगते." ती परातीसमोरच बसून राहिली. "आदल्या दिवशी दळलेलं पीठ. पहिल्या पंगतीला जशी गरम, तशीच शेवटच्या पंगतीला गरम. करपलेली, चिरलेली भाकरी मोजायची न्हाई. पन्नास जादा, त्या बिनपैशाच्या. वेळेला बाया न्हाई आल्या तर एक पैसा देऊ नका. हे सगळं मिळून सोळा."

"ते झालं. पण पीठ माझ्या घरचं, सरपण मळ्यातलं. नुसती मजुरी सांग."

"तसं बी करते. पण मग पीठ बिघडलं, भाकरी चिरली तर माझ्याकडं बोट दाखवायचं न्हाई. चालंल?"

भागवतरावांना ते चालणारं नव्हतं. पाहुण्यांत हसं व्हावं असं कोणाला वाटतं?

"लय होतंय तर हजार घ्या," कडूबाई पुढं म्हणाली. "भाकरी कमी, पैसे कमी. पण बाराशे भाकरी अन् हजाराचे पैसे, हे व्हायचं न्हाई."

"आगं, पण माणसानं विचारू बी न्हाई का?"

आता मात्र कडूबाईच्या मस्तकात गेलं. "डीजेवाल्याला विचारलं का, वायर कितीची अन् आवाज कितीचा? मांडववाल्याला विचारलं, खांबाचं किती अन् गाठीचं किती? त्याला एक आकडा चालतो. बाईनं चुलीपुढं बसून सांगितलेला आकडाच तेवढा तुमाला सोलून बघायचाय. अन् मालक, आमचा कापूस तुमच्याच काट्यावर येतो. तुमी भाव सांगता तवा आमी म्हणलं का कधी, जिनिंगचं किती, भाड्याचं किती, तुमचं किती ते लिहून द्या?"

भागवतरावांचा चेहरा उतरला. त्यांनी घड्याळ बघितलं. तोंडावर असं कुणी बोलण्याची त्यांना सवय नव्हती आणि ते चुकीचं नव्हतं, हे त्यांना जास्त लागलं असावं. कडूबाईनं तव्यावरची भाकरी उतरवली, फडक्यात बांधली आणि त्यांच्या हातात दिली.

"दुसरीकडं बी भाव काढा. तिथली बी एक भाकरी आणा. दोन्ही संध्याकाळी मोडून बघा."

ते गेले आणि ऋतिका कपाळाला हात लावून बसली. एवढी मोठी ऑर्डर गेली, असं तिला वाटत होतं. तसं कडूबाईलाही वाटत होतं. नऊ बायांची दिवसभराची कमाई तिनं आपल्याच तोंडानं घालवली होती. पण तिनं यादी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. तिकडं बारा रुपयांत देत होते म्हणे. पण ती भाकरी सांजच्याला पापडासारखी मोडली. भागवतराव एवढंच म्हणाले, "सोळानं या."

कंदुरीच्या दिवशी मळ्यात आठ चुली पेटल्या. मटणाचा वास सुटला, पंगती बसू लागल्या आणि भाकरीचा थाप-थाप आवाज सुरू झाला. दुपारी भागवतराव चुलींकडे फिरत आले. त्यांनी बाया मोजल्या. नंतर पुन्हा मोजल्या. लिंबाखाली बायनाबाई बसली होती, उजवा हात पदराखाली घेऊन.

"कडूबाई, ही काय करायली बसून? हिचे बी पैसे सोळातच का?"

बायनाबाई उठायला लागली. कडूबाईनं तिला हातानंच खाली बसवलं.

"मालक, भाकरी मोजा. बाया मोजू नका."

तेवढ्यात तिसऱ्या चुलीवरच्या रुख्मिणीनं घाम पुसायला हात वर केला आणि तो तसाच लटपटला. बायनाबाई झटकन आली. तिनं रुख्मिणीला दंडाला धरून उठवलं, लिंबाखाली नेऊन तांब्या हातात दिला आणि स्वतः चुलीपुढं बसली. पिठाचा गोळा घेतला. दोन वाकडी बोटं बाजूला ठेवून तळव्यानं थापू लागली. भाकरी गोल उतरली.

भागवतराव त्या हाताकडे बघत उभे राहिले. मग काही न विचारता पंगतीकडे गेले.